पोत्यातली पुस्तकं आणि सतरंजीवरची पुस्तकं: दक्षिण सोलापुरातल्या एका झेडपी शाळेचं प्रकरण

शाळा दक्षिण सोलापूर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. मंद्रूपच्या पुढं भीमेच्या अंगाला गाव आहे, नदी ओलांडली की कर्नाटक. नाव मुद्दाम लिहीत नाही. मराठी माध्यमाचे पहिली ते सातवी वर्ग, 143 पोरं, आणि त्याच आवारात कन्नड माध्यमाची चौथीपर्यंतची छोटी शाळा, तिथं 41. गंमत म्हणजे मराठी शाळेतलीही निम्म्याहून जास्त पोरं घरी कन्नडच बोलतात, आणि तांड्यावरनं येणारी थोडी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतात. म्हणजे मराठी त्यांना वर्गात भेटते, घरी नाही. हे एवढं एक डोक्यात ठेवलं की पुढचे बरेच निर्णय का तसे घेतले ते कळेल.

या शाळेला पुस्तकं द्यायची ठरवलेल्या आमच्या ग्रुपकडं दोन गोष्टी होत्या. एक, 60,000 रुपये जमलेले. दोन, सोलापुरात जुळे सोलापूर, होटगी रोड, सात रस्ता भागातल्या सोसायट्यांमधनं गोळा झालेली साधारण 900 पुस्तकं, पोत्यात भरून एकाच्या गॅरेजमध्ये ठेवलेली. बहुतेकांचं म्हणणं होतं की पोती टेम्पोत टाकू, उरलेल्या पैशाची नवीन पुस्तकं घेऊ, मुख्याध्यापकांच्या हातात देऊन फोटो काढू आणि मोकळे होऊ. तसं केलं असतं तर काय झालं असतं ते शाळेच्या जुन्या कपाटातच दिसत होतं, म्हणून आधी तिकडं गेलो.

त्या कपाटात आधीच्या कुणीतरी दिलेली तीनेकशे पुस्तकं होती. अशा वेळी पुस्तकाचं नाव वाचायच्या आधी त्याची कड बघायची. पोरांनी हाताळलेल्या पुस्तकाची पानांची कड मळकट होते, कोपरे वळतात, मधल्या पिना सैल होतात. तीनशेतली वीस-बावीस पुस्तकं तशी होती, बाकी सगळी कोरी करकरीत. ती वीसच्या वीस पातळ, चित्रांची, त्यात दोन-तीन कोड्यांची आणि एक कागदाच्या खेळांचं. कोऱ्या पुस्तकांत काय, तर थोरामोठ्यांची चरित्रं, बारीक टायपातल्या बोधकथा आणि कुठल्यातरी ज्ञानकोशाचे इंग्रजी खंड. देवघेवीचं रजिस्टरही होतं, पण दोन पानं एकाच पेनानं एकाच हातानं सलग भरलेली, पुढं कोरं. असं रजिस्टर तपासणीसाठी भरलेलं असतं, त्यावरनं मागणीचा अंदाज काढायचा नाही. शिक्षकांना त्यासाठी नावं ठेवण्यातही अर्थ नाही, कारण पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार ही भीती खरीच असते. म्हणून आम्ही सुरुवातीलाच लेखी दिलं की ही पुस्तकं फाटली-हरवली तरी शाळेची काही जबाबदारी नाही. ते कागदाचं चिटोरं मिळाल्यावर कपाटाची किल्ली टेबलावर आली.

मग पोत्यांची निवड. 900 मधनं शाळेच्या कामाची निघाली 140. आकडा ऐकून लोक चिडतात, की आम्ही एवढं प्रेमानं दिलं. पण पोत्यात असतं काय? बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, गाईडं, अर्धवट सोडवलेले वर्कबुक, स्पर्धा परीक्षेचे ठोकळे, मोठ्या माणसांच्या कादंबऱ्या, पोथ्या, आणि इंग्लिश मीडियमच्या पोरांनी मोठं झाल्यावर सोडलेली इंग्रजी गोष्टींची पुस्तकं. ही शेवटची दिसायला सगळ्यात देखणी असतात आणि तिथंच घोळ होतो. तिसरीच्या पोराला इंग्रजीचे शब्द जोडून वाचायला येत नाहीत, त्याच्या हातात शंभर पानांचं इंग्रजी पुस्तक दिलं तर तो चित्रं बघेल, दोनदा बघेल, संपलं. त्यातली फक्त पानाला एखादं वाक्य आणि मोठं चित्र असलेली ठेवली, बाकी शहरातल्या एका इंग्लिश मीडियमच्या वाचनालयाला दिली. कादंबऱ्या गावातल्या ड वर्गाच्या वाचनालयाला गेल्या, स्पर्धा परीक्षेचं सगळं तालुक्याच्या अभ्यासिकेत, आणि उरलेली रद्दी विकून जे आलं ते पुस्तकांना कव्हर घालण्यात गेलं. देणाऱ्यांना नंतर कळवलं की तुमचं कुठं गेलं, त्यानं बरेच शांत झाले.

आता मुख्य काम, पोरांना काय वाचता येतंय ते बघणं. यादी मागितली की शाळा इयत्तेप्रमाणे देते: पहिली-दुसरीला चित्रांची, तिसरी-चौथीला छोट्या गोष्टी, पाचवीच्या पुढं मोठी पुस्तकं. कागदावर बरोबर वाटतं, पण पोरं कागदाप्रमाणे वाचत नाहीत. आम्ही दुसरी ते सातवीच्या 118 पोरांना एकेकटं बसवून वाचून घेतलं, पोरांचं वाचन तपासणाऱ्या 'असर'च्या सर्वेक्षणात असतं तसं सोपं: अक्षरं, शब्द, चार ओळींचा परिच्छेद, आणि मग थोडी मोठी गोष्ट. एकेकटं बसवणं महत्त्वाचं, कारण वर्गात सगळ्यांनी मिळून वाचलं की न येणारं पोरगं बरोबर ओठ हलवतं. निघालं असं की 31 पोरं शब्दांपर्यंतच किंवा त्याच्याही अलीकडं होती, 34 परिच्छेद अडखळत वाचत होती आणि 53 गोष्ट नीट वाचत होती. पाचवीच्या एका वर्गातच 19 पोरांत 6 शब्दांवर, 7 परिच्छेदावर आणि 6 गोष्टीवर. म्हणजे 'पाचवीसाठी पुस्तकं' अशी काही वस्तूच नसते, त्या एका वर्गाला तीन पातळ्यांची पुस्तकं लागतात.

बरं, प्रथम बुक्ससारखे काही प्रकाशक पुस्तकाच्या मागं पातळी छापतात, 1 ते 4. सोय चांगली आहे पण इथं एक पायरी खाली यायला लागलं. ती पातळी धरताना पोराला बोलीतले शब्द माहीत आहेत असं गृहीत असतं, आणि आपलं कन्नड बोलणारं पोरगं 'खिडकीतून डोकावली' हे अक्षर न अक्षर वाचेल पण डोकावणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक नसेल. म्हणून वाचून झाल्यावर विचारायचं, काय झालं सांग, आणि कन्नडमध्ये सांगितलं तरी चालेल असं म्हणायचं. तिथल्या एक बाई कन्नड जाणणाऱ्या होत्या त्यामुळे हे जमलं. वाचता येतं पण सांगता येत नाही अशी 53 मधली बारा-पंधरा पोरं सापडली, म्हणजे गोष्टीच्या पातळीची म्हणून मोजलेली पोरंही खरं तर परिच्छेदाच्या पुस्तकांना जास्त खूष होणार होती.

दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर कसं ठरवायचं? मधलं एक पान उघडायचं. सुरुवातीच्या वाचकासाठी असेल तर पानाला दोन-तीन ओळी, अक्षर मोठं, ओळींत अंतर, आणि जोडाक्षरं कमी. मराठीत वाक्य छोटं असून भागत नाही, 'प्रात्यक्षिक' आणि 'दृष्टिक्षेप' असले शब्द एका पानावर चार आले की पोरगं तिथंच थांबतं. पोराच्या हातात द्यायचं असेल तर पाच बोटांची युक्ती आहे, पान वाचताना अडला शब्द की एक बोट मिटायचं, पान संपायच्या आत मूठ झाली तर पुस्तक आज त्याच्यासाठी नाही. आणि एक, पान मोठ्यानं वाचून बघायचं. भाषांतरित पुस्तकांत कधीकधी मराठी इतकी आखडलेली असते की शिक्षकालाही दम लागतो, असलं पुस्तक चित्रं कितीही सुंदर असू देत, वर्गात वाचून दाखवलं जात नाही. आपल्याकडचं पोरगं 'कुठं चाललास बे' म्हणतं आणि पुस्तकातलं 'अरे, तू कुठे बरे निघालास?' म्हणतं, एवढं चालतंय, पोरं सवय करून घेतात, पण वाक्यच उलटंसुलटं असेल तर नाही.

मागणी काय आहे हे विचारून कळत नाही, हे माझं पक्कं मत झालंय. मुख्याध्यापक सरांना विचारलं तर म्हणाले सामान्यज्ञान, शिष्यवृत्ती आणि नवोदयची पुस्तकं द्या. पोरांना वर्गात विचारलं तर एकानं 'शिवाजी महाराज' म्हणलं आणि मागनं चाळीस आवाज तेच. दोघांचंही खोटं नाही, पण हे 'काय म्हणावं' याचं उत्तर आहे. म्हणून सतरंजी अंथरली. शहरातल्या एका पुस्तकवाल्याकडनं ऐंशीएक नमुना पुस्तकं परत करायच्या बोलीवर आणली, ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, एकलव्य, जे मिळालं ते, आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतर दोन वर्गांची पोरं एका वेळी अशी सोडली. शिक्षक खोलीबाहेर. आम्ही कोपऱ्यात बसून तीनच गोष्टी टिपल्या: कुठलं पुस्तक उचललं, दोन पानांच्या पुढं गेलं का, आणि ठेवल्यावर परत उचललं का. नुसतं उचलणं मोजलं असतं तर फसलो असतो, कारण चकचकीत जाड पुस्तक प्रत्येकजण उचलतो आणि लगेच ठेवतो. परत उचलणं हा खरा कौल.

परत उचलली गेलेली अशी: शेळी, कुत्रा, म्हैस असलेल्या गोष्टी, खाण्याच्या गोष्टी, भुताच्या, फजितीच्या, कोडी, टाकाऊ वस्तूंपासनं खेळणी करायची पुस्तकं, साप आणि किडे, ट्रॅक्टर-ट्रक-जेसीबी. शहरातल्या लिफ्टमध्ये घडणारी एक गोष्टही जोरात चालली, त्यामुळे 'खेड्यातल्या पोरांना खेड्यातलंच द्या' हा आग्रह मी तरी सोडून दिला. बोधकथांचं पुस्तक तीन पोरांनी उघडलं, एकानंही परत नाही. शिवाजी महाराजांचं एक चित्रमय पुस्तक चांगलं फिरलं, पण त्यांचंच 120 पानांचं चरित्र नाही. म्हणजे विषय खरा होता, पुस्तकाचा आकार चुकलेला होता. हा फरक यादीत कधीच दिसत नाही.

सगळ्यात अवघड गट सहावी-सातवीतली न वाचता येणारी पोरं, आणि यात मुलगे जास्त. मिशी फुटायच्या वयाचं पोरगं पानाला एक वाक्य आणि हसरा ससा असलेलं पुस्तक सगळ्यांदेखत उचलत नाही. ते ज्ञानकोशाचा खंड मांडीवर घेऊन बसतं. आम्ही यावर दोन गोष्टी केल्या. एक, कमी मजकुराची पण दिसायला 'मोठ्यांची' पुस्तकं शोधली: फोटोंची, प्राण्यांची, यंत्रांची, वस्तू कशी तयार होते त्याची. मराठीत ही फार कमी मिळतात, खरं सांगायचं तर शोधण्यात सगळ्यात जास्त वेळ इथंच गेला. दोन, बाईंनी सातवीला पहिलीच्या पोरांना आठवड्यातनं एकदा वाचून दाखवायचं काम दिलं. आता त्यासाठी सोपं पुस्तक घरला न्यायलाच लागतं, लाज वाटायचं कारण नाही, आणि चार वेळा सराव केल्याशिवाय पहिलीतल्या पोरांसमोर बसता येत नाही.

भाषेचं आता. ग्रुपमधला पहिला सूर होता की घरी कन्नड बोलतात तर मराठी शाळेलाही कन्नड पुस्तकं द्यावीत. पण ही पोरं कन्नड बोलतात, कन्नड लिपी त्यांना कुणी शिकवलेली नाही. कन्नड पुस्तक त्यांच्यासाठी नुसती चित्रं. उलट कन्नड शाळेतल्या 41 पोरांना लिपी येते पण त्यांच्यासाठी कुणी काही आणतच नाही, कारण सोलापुरात गोळा होणाऱ्या पोत्यात कन्नड पुस्तक सापडणं मुश्कील. तेव्हा कन्नडच्या 50 प्रती घेतल्या त्या कन्नड शाळेसाठी, आणि त्यातल्या वीसेक गोष्टी अशा निवडल्या की त्याच चित्रांची मराठी आवृत्तीही मिळते. प्रथम बुक्सच्या बऱ्याच गोष्टी दोन्ही भाषांत आहेत, आणि त्यांच्या स्टोरीवीव्हर या साईटवर कुठली गोष्ट कुठल्या भाषेत आहे ते फुकट बघता येतं, डाउनलोड करून छापताही येतं. जोडीचा उपयोग असा की एकाच आवारातल्या दोन शाळांची पोरं एकच गोष्ट वाचतात, आणि मराठी शाळेतलं पोरगं गोष्ट आधी कन्नडमध्ये ऐकून मग मराठीत वाचतं, तेव्हा अडलेला शब्द आपोआप उलगडतो. कन्नडमधली पुस्तकी भाषा आणि भीमेकाठची बोली यातही फरक आहेच, त्यामुळे निवडलेली पुस्तकं आधी कन्नड शाळेच्या गुरुजींकडनं वाचून घेतली, पाच-सहा त्यांनी बाजूला काढली.

मराठी शाळेच्या पहिली-दुसरीसाठी आणि तांड्यावरच्या पोरांसाठी सगळ्यात उपयोगी पडली ती शब्दच नसलेली चित्रपुस्तकं. पोरगं कन्नडमध्ये, गोरमाटीत, कशातही गोष्ट सांगतं. दात्यांना ही पटत नाहीत, 'यात वाचायचं काय?' असं एकानं स्पष्ट विचारलं. पण पुस्तक डावीकडनं उजवीकडं जातं, आधी काय झालं मग काय झालं, हे त्यातनंच कळतं, आणि भाषा आडवी येत नाही.

पैशाची वाटणी अशी झाली. 60,000 मधले 6,000 कापडी खिशांचे दोन पडदे, कव्हर, चिकटपट्टी आणि रजिस्टर यांना, म्हणजे पुस्तकं कपाटात न जाता पोरांच्या उंचीला, मुखपृष्ठ दिसेल अशी टांगलेली राहतात. 12,000 बाजूला ठेवले, त्याचं कारण खाली येतंय. उरलेल्या 42,000 मध्ये सरासरी 80 रुपयांनी 520 प्रती बसल्या: शब्द नसलेली ते पानाला दोन-तीन ओळी अशा 210, परिच्छेदाच्या 180, सलग गोष्टीच्या जाड फक्त 80, आणि कन्नड 50. सतरंजीवर परत परत उचललेल्या सत्तर पुस्तकांच्या तीन-तीन प्रती घेतल्या. दात्याला वाटतं 520 वेगवेगळी नावं म्हणजे जास्त पुस्तकं, पण दोन मित्र एकच पुस्तक वाचून त्यावर भांडले की तिसरा ते मागतो, आणि एकच प्रत असेल तर ती कुठल्यातरी घरात अडकते. बांधणीही बघितली. पातळ पुस्तकाला मधोमध पिना हव्यात, नुसत्या डिंकावर चिकटवलेलं जाड पुस्तक उघडून सपाट दाबलं की महिन्याभरात पानं सुटतात.

सरांच्या मागणीचं काय केलं, तर शिष्यवृत्ती आणि नवोदयचे थोडे सराव संच वेगळ्या पैशातनं घेऊन पाचवीच्या वर्गात ठेवले, खिशांच्या पडद्यात नाही. एकदा ती पुस्तकं गोष्टींच्या शेजारी आली की 'आधी ते सोडव मग हे घे' सुरू होतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक, जे 1971 पासनं निघतंय, त्याच्या दोन वर्गण्या लावल्या, कारण दर महिन्याला काहीतरी नवं येणं हे एकदाच आलेल्या ढिगापेक्षा पोरांना जास्त ओढतं.

बाजूला ठेवलेले 12,000 सहामाहीनंतर रजिस्टर बघून खर्च करायचे होते. रजिस्टर यावेळी सातवीतल्या दोन मुलींकडं दिलं, शिक्षकांकडं नाही, आणि त्यात एक जादा रकाना ठेवला: परत देताना पोरानं हसरा, साधा की रडका चेहरा काढायचा. 520 पैकी 90 प्रती एकदाही गेल्या नव्हत्या, त्यातली 50 वर तर जाड गोष्टींचीच. सलग गोष्टीच्या 80 प्रतीही जास्त झाल्या असा त्याचा अर्थ. दुसरं, दिवाळीनंतर देवघेव एकदम खाली आली होती. बघितलं तर पुस्तकांचा दोष नव्हता, तांड्यावरची आणि आणखी काही घरं ऊसतोडीला गेली होती, ती आता मार्च-एप्रिलपर्यंत येणार नाहीत. म्हणून आकडा नुसता बघायचा नाही, हजेरीपट शेजारी ठेवून बघायचा. हसऱ्या चेहऱ्यांत भुताच्या गोष्टी आणि कोडी वर होती, यात आश्चर्य नाही, पण तिसऱ्या नंबरला शिवणकाम आणि मेंदीच्या नक्षीचं एक पातळ पुस्तक होतं, पोत्यातनं आलेलं, आम्ही जवळजवळ रद्दीत घातलेलं. ते आया वाचत होत्या.

दुसऱ्या खरेदीत म्हणून जाड पुस्तकं शून्य. साधारण 8,000 ची परिच्छेदाच्या पातळीची भुतं, कोडी, फजित्या आणि हातानं करायच्या गोष्टी, 2,500 ची कन्नड, कारण तिथल्या 50 प्रती सगळ्यात आधी झिजल्या, आणि उरलेल्या 1,500 मध्ये पिशव्या. ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक घरासाठी पुढच्या दिवाळीला एका पिशवीत पाच पातळ पुस्तकं देऊन ठेवायची, परत आली तर आली, अशी. न गेलेल्या 90 मधली चाळीसेक शेजारच्या गावच्या हायस्कूलला दिली, तिथं आठवीच्या वर्गात ती चालतायत असं कळलं. उरलेली पन्नास अजून खिशात टांगलेली आहेत, आणखी एक सहामाही बघू म्हणलंय.